भात बियाण्याच्या साठ्याची सूचना कशी लिहावी: गोव्यातील नव्या विक्रेत्यांसाठी

डिचोली तालुक्यात माझे कृषी निविष्ठांचे लहानसे दुकान आहे. दुकान सुरू केले त्या पहिल्या मे महिन्यात बियाण्याची पोती उतरताच मी त्यांचा फोटो काढला आणि त्याखाली तीन वाक्ये लिहून तो गावोगावच्या शेतकरी गटांत पाठवला: ‘ज्योती आणि जया भाताचे बियाणे आले आहे. साठा मर्यादित. त्वरित संपर्क साधा.’ चार दिवसांत पोती संपली. मजकूर उत्तम झाला, असे तेव्हा मला वाटले होते.

जुलैमध्ये चोडणच्या बाजूचे एक वयस्क शेतकरी दुकानात आले. त्यांनी ज्योतीचे बियाणे खाडीकाठच्या खाऱ्या खाजन जमिनीत लावले होते. मध्येच आठ-दहा दिवस पावसाने दडी मारली, मानशीच्या, म्हणजे बांधातील पाण्याच्या दाराच्या फळ्यांमधून भरतीचे खारे पाणी आत झिरपत राहिले आणि रोपांची पाने टोकांकडून वाळत गेली. ते एवढेच म्हणाले, “भाऊ, तुम्ही विचारले असते, तर माझे खाजन आहे हे मी सांगितले असते.” माझ्या मजकुरात हा प्रश्न नव्हता, आणि बियाणे कोणत्या जमिनीसाठी आहे हेही नव्हते. तेव्हापासून दरवर्षी साठ्याची सूचना लिहिताना मी जो क्रम पाळतो, तो येथे मांडत आहे. हा लेख खरीप भातापुरता, म्हणजे आपल्याकडील सरदाच्या शेतीपुरता आहे.

लिहायला बसण्यापूर्वी पुढील गोष्टी समोर असाव्यात: बियाणे विक्रीचा परवाना, पुरवठादाराचे बिल, साठा नोंदवही, प्रत्येक लॉटमधील एका पोत्यावरच्या लेबलचा स्पष्ट फोटो आणि उगवण चाचणीची तुमची स्वतःची नोंद. यांपैकी शेवटची नोंद नव्या विक्रेत्याकडे सहसा नसते. ती कशी तयार करायची, हे तिसऱ्या पायरीत सांगितले आहे.

१. साठा दुकानात आल्यावरच लिहा

पुरवठादाराने ‘गाडी सोमवारी निघेल’ असे सांगितले, म्हणून रविवारी मजकूर टाकू नये. मे महिन्याच्या अखेरीस शेतकऱ्याकडे दिवस मोजकेच असतात. गोव्यात मोसमी पाऊस साधारणपणे ५ जूनच्या आसपास पोहोचतो आणि तोपर्यंत तरव्याची, म्हणजे रोपे वाढवायची जागा नांगरून तयार ठेवायची असते. तुमच्या भरवशावर थांबलेला माणूस दुसरीकडचे बियाणे सोडून बसतो, आणि गाडी आठवडाभर उशिरा आली तर त्याचा पेरणीचा वाफसा निघून जातो.

बियाणे (नियंत्रण) आदेश, १९८३ नुसार परवान्याशिवाय बियाणे विकता येत नाही. त्याच आदेशाप्रमाणे दुकानात साठ्याचा व दरांचा फलक लावणे आणि प्रत्येक ग्राहकाला पावती देणे बंधनकारक आहे. म्हणून मजकुरातील दर आणि फलकावरील दर एकच असला पाहिजे. परवाना क्रमांकही मजकुरात लिहावा, म्हणजे अनोळखी गावातील वाचकालाही आपण कोणाकडून बियाणे घेत आहोत हे कळते.

२. पोत्यावरील लेबल वाचा आणि तेच मजकुरात उतरवा

लेबलच्या रंगावरून बियाण्याचा दर्जा कळतो. पांढरे लेबल पायाभूत बियाण्याचे असते, निळे प्रमाणित बियाण्याचे आणि हिरवे सत्यप्रत बियाण्याचे. हिरव्या लेबलच्या बियाण्याची हमी उत्पादक स्वतः देतो, निळ्याची तपासणी प्रमाणीकरण यंत्रणेने केलेली असते. हिरव्या लेबलचे बियाणे वाईट असते असे मुळीच नाही, पण त्याला ‘प्रमाणित’ म्हणणे चुकीचे आहे आणि नव्या विक्रेत्यांच्या मजकुरात ही चूक मला वारंवार दिसते. कोरगुट या स्थानिक भाताचे बी अनेकदा शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे बिनलेबलचेच जाते, त्याच्यापुढे तर हा शब्द कधीच लिहू नये.

लेबलवरून पाच गोष्टी उतरवून घ्याव्यात: वाण, लॉट क्रमांक, निव्वळ वजन, चाचणीचा दिनांक आणि वैधतेचा दिनांक. प्रमाणित बियाण्याची वैधता सुरुवातीला चाचणीच्या दिनांकापासून नऊ महिने असते आणि पुन्हा चाचणी करून ती सहा-सहा महिन्यांनी वाढवता येते. तुम्हाला मे महिन्यात मिळालेल्या पोत्याची वैधता १० जूनला संपत असेल, तर ते आपल्याकडे ठेवण्यातच धोका आहे, कारण पाऊस लांबला तर शेतकरी पेरणी करीपर्यंत ती संपलेली असेल. अशी पोती मी उतरवून घेत नाही.

३. प्रत्येक लॉटची उगवण चाचणी स्वतः करा

प्रमाणित भात बियाण्याची उगवणशक्ती किमान ८० टक्के असावी लागते. लेबलवर तसा आकडा असतोच, पण तो चाचणीच्या दिवशीचा असतो. त्यानंतर पोते कोणत्या गोदामात, किती दमट हवेत राहिले हे लेबल सांगत नाही, आणि गोव्यातील मे महिन्याची हवा बियाण्याला मानवत नाही.

चाचणीला खर्च काहीच नाही. पोत्याच्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या भागातून मूठमूठ दाणे घ्यावेत आणि ते मिसळून त्यातून न निवडता शंभर दाणे मोजावेत. ‘न निवडता’ हे महत्त्वाचे आहे, कारण हात आपोआप भरलेल्या दाण्यांकडे जातो. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहाच्या दहा ओळी लावून गोणपाट सैल गुंडाळावे, सावलीत ठेवावे आणि ओल टिकेल एवढेच पाणी रोज शिंपडावे. आठव्या दिवशी ज्यांना मूळ आणि कोंब दोन्ही नीट फुटले आहेत, असे दाणे मोजावेत. केवळ मूळ फुटलेला किंवा कोंब काळा पडलेला दाणा धरू नये.

आकडा ८० च्या खाली आला, तर चाचणी एकदा पुन्हा करावी. दुसऱ्यांदाही तसाच आला, तर तो लॉट विक्रीसाठी ठेवू नये आणि पुरवठादाराला लेखी कळवावे.

चाचणीत एक फसगत होऊ शकते. वायंगणाचे, म्हणजे उन्हाळी भाताचे बी एप्रिल-मेमध्ये कापणी होऊन थेट तुमच्याकडे आले असेल, तर ते जिवंत असूनही उगवत नाही, कारण काही वाणांचे ताजे बी काही आठवडे सुप्तावस्थेत असते. मेलेला दाणा गोणपाटात मऊ पडतो आणि त्याला बुरशी येते, सुप्त दाणा मात्र आठव्या दिवशीही टणक राहतो. टणक दाणे जास्त दिसले, तर बी काही दिवस उन्हात वाळवून चाचणी पुन्हा करावी.

४. बियाणे कोणत्या जमिनीसाठी आहे, हे पहिल्या दोन ओळींत सांगा

माझ्या मते मजकुराचा हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ‘भात लावतो’ असे सांगणाऱ्या आपल्याकडील दोन शेतकऱ्यांच्या जमिनी अगदी निराळ्या असू शकतात. डोंगरउतारावरील मोरड जमिनीतून पाणी लवकर निचरून जाते. सखल खेर जमिनीत ओल अधिक काळ टिकते. खाडीकाठच्या खाजनात बांध आणि मानस यांच्या आधारावर शेती होते, तेथील मातीत मीठ असते आणि पावसाने ते धुऊन गेल्याशिवाय पीक उभे राहत नाही.

ज्योती हा केरळमधील पट्टांबीच्या संशोधन केंद्राचा लाल तांदळाचा वाण आहे आणि तो साधारण ११० ते १२५ दिवसांत तयार होतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरला तर सप्टेंबर संपता संपता तो कापणीला येतो. पाऊस ओसरू लागल्यावर मोरडातील ओल झपाट्याने कमी होते, म्हणून तेथे असा लवकर येणारा वाण दाणे भरण्याच्या वेळी तहानलेला राहत नाही. त्याची अडचण अशी की, त्या सुमारास सरी पडत असतील तर कापलेले भात भिजते. जया हा पांढऱ्या, जाड दाण्याचा वाण त्याहून दोन आठवड्यांच्या आसपास उशिरा येतो आणि जेथे ओल टिकते त्या सखल शेताला तो शोभतो.

खाजनासाठी मात्र यांपैकी एकही सुचवू नये. तेथे कोरगुट पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे, कारण खारटपणा तो सहन करतो. तो उंच वाढतो आणि लोळतो, हे शेतकऱ्यांनाही ठाऊक असते. जुने गोवे येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने खाऱ्या जमिनीसाठी गोवा धान या मालिकेतील वाण विकसित केले आहेत, आणि त्यांतील गोवा धान १ व गोवा धान २ हे कोरगुटातूनच निवड करून काढलेले आहेत. तुमच्याकडे यांपैकी काही नसेल, तर ‘खाजन जमिनीसाठीचे बियाणे सध्या आमच्याकडे नाही’ असे स्पष्ट लिहावे. अशी ओळ लिहिताना सुरुवातीला हात अडखळतो, पण चोडणच्या त्या शेतकऱ्यांसाठी हीच ओळ मी लिहायला हवी होती.

५. प्रमाण हजार चौरस मीटरमध्ये सांगा

पुस्तकांत बियाण्याचे प्रमाण हेक्टरी दिलेले असते. आपल्याकडील एक-चौदाच्या उताऱ्यावर मात्र क्षेत्र चौरस मीटरमध्ये असते आणि बहुतेकांचे शेत हेक्टरच्या तुकड्याएवढेच असते. पुनर्लागवडीसाठी हेक्टरी ५० किलो बियाणे धरले, तर हजार चौरस मीटरला ५ किलो लागते आणि तरव्यासाठी सुमारे १०० चौरस मीटर जागा लागते. हे दोन आकडे वाचकाच्या लक्षात सहज राहतात. मोड आलेले बी चिखलात फेकून पेरायचे असेल, म्हणजे रहू पद्धत असेल, तर प्रमाण हजार चौरस मीटरला ८ ते १० किलोपर्यंत जाते, म्हणून मजकुरातील आकडा कोणत्या पद्धतीसाठी आहे हे लिहिणे आवश्यक आहे.

गेल्या हंगामात सत्तरीतील एक ताई २,००० चौरस मीटर शेतासाठी बियाणे विचारायला आल्या. घरी राखून ठेवलेले १० किलो ज्योती त्यांच्याकडे होते आणि ते पुरेल का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी त्यांना आधी गोणपाटाची चाचणी करायला सांगितली. शंभरातील ६४ दाणे उगवले. ८० टक्के उगवणीच्या बियाण्याचे प्रमाण १० किलो असेल, तर ६४ टक्क्यांसाठी १० गुणिले ८० भागिले ६४, म्हणजे साडेबारा किलो लागतात. त्यांनी घरचे सगळे बी वापरले आणि माझ्याकडून फक्त ३ किलो घेतले. मात्र दोन्ही बियाणी वेगवेगळ्या वाफ्यांत पेरायला मी सांगितले, कारण मिसळून पेरली असती तर उगवण कमी झाल्यास दोष कोणत्या बियाण्याचा हे कळले नसते.

उगवण ५० टक्क्यांच्याही खाली असेल, तर हा हिशेब करू नये. इतक्या दुबळ्या बियाण्याची उगवलेली रोपेही अशक्त निघतात, तेव्हा ते बदलण्याचाच सल्ला द्यावा.

६. बीजप्रक्रियेची एकच वाट सांगा

माझ्या दुसऱ्या वर्षीच्या मजकुरात मी बुरशीनाशक, जिवाणू खत, ट्रायकोडर्मा आणि मिठाचे पाणी असे सगळे एकाखाली एक लिहिले होते. एका शेतकऱ्याने ते सर्व एकाच बादलीत कालवले. बुरशीनाशकाबरोबर कालवल्यावर त्यातील ट्रायकोडर्मासारखी उपयुक्त बुरशीही टिकत नाही आणि जिवाणूंनाही इजा पोहोचते. तेव्हापासून मी एकच मार्ग क्रमाने लिहितो.

बियाणे रंगीत आहे का, हे प्रथम पाहायला सांगावे. गुलाबी किंवा लालसर लेप असेल, तर कंपनीने औषध लावलेले आहे. असे बी मिठाच्या पाण्यात धुऊ नये, त्यामुळे औषध निघून जाते. ते जनावरांना, कोंबड्यांना किंवा भट्टीला कदापि देऊ नये, हेही मजकुरात लिहावे.

लेप नसलेल्या बियाण्यासाठी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवावे. त्यात तीन-चार किलो बी एका वेळी ओतून ढवळावे, तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत आणि तळाशी बसलेले दाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत सुकवावेत. धुणे अपुरे राहिले, तर मिठाचा अंश कोंबाला इजा करतो. त्यानंतर कोरड्या बियाण्याला किलोमागे ३ ग्रॅम थायरम चोळावे, म्हणजे १० किलोला ३० ग्रॅम. हातमोजे आणि नाकातोंडाला फडके असल्याशिवाय हे काम करू नये. पाकिटावरील मात्रा वेगळी असेल, तर पाकिटावरचीच मात्रा पाळायला सांगावी.

अ‍ॅझोस्पिरिलमसारखे जिवाणू खत वापरायचे असल्यास औषध लावलेल्या बियाण्याला ते लावण्याऐवजी लावणीच्या वेळी तरव्याची मुळे त्याच्या द्रावणात बुडवणे मला अधिक सुरक्षित वाटते. पण हे मी दुकानात तोंडी सांगतो, मजकुरात लिहीत नाही.

७. संपर्क असा द्या की माणूस खरोखर भेटेल

क्रमांक एकच द्यावा आणि तो कोण उचलते, कोणत्या वेळेत उचलते हे लिहावे. दुपारी दुकान बंद असते, हे शेजारच्या गावाला ठाऊक असले तरी पेडण्याहून बस बदलून येणाऱ्याला ते ठाऊक नसते. दुकानाची खूण लिहावी. येताना काय आणायचे तेही लिहावे: शेताचे क्षेत्र, जमीन मोरड, खेर की खाजन, आणि फेकपेरणी की लावणी. या तीन उत्तरांवर योग्य बियाणे ठरते.

सवलतीच्या बियाण्याबद्दल वाचक हमखास विचारतात. त्यासाठी कृषी कार्ड घेऊन तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करावी लागते. तुमच्या दुकानात सवलत लागू नसेल, तर मजकुरात ‘सवलत’ हा शब्द कोठेही येऊ देऊ नये. आपण दुकानात नसताना सल्ला हवा असल्यास किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक शेवटी द्यावा.

८. पूर्ण मजकूर असा दिसतो

मोकळ्या जागी आपली माहिती भरावी आणि फोटोमध्ये पोत्याबरोबर लेबलही वाचता येईल असे दाखवावे.

> ज्योती भात, प्रमाणित बियाणे (निळे लेबल), दुकानात उपलब्ध.
> मोरड जमिनीसाठी. खाजनात लावू नये. खाजनासाठीचे बियाणे सध्या आमच्याकडे नाही.
> लॉट क्रमांक ……, चाचणीचा दिनांक ……, वैधता …… पर्यंत. पिशवी …… किलो, दर …… रुपये. आज दिनांक …… रोजी शिल्लक …… पिशव्या.
> आमच्या चाचणीत १०० पैकी …… दाणे उगवले (दिनांक ……).
> लावणीसाठी १,००० चौ. मी. ला ५ किलो बियाणे आणि १०० चौ. मी. तरवा. तरवा २१ ते २५ दिवसांचा झाल्यावर लावणी करावी. पीक सुमारे चार महिन्यांत तयार होते.
> बियाण्याला औषध लावलेले आहे / नाही. लावलेले असल्यास धुऊ नये, खाण्यास वापरू नये. नसल्यास मिठाच्या पाण्याची कृती पावतीसोबत छापील मिळेल.
> येताना सांगा: क्षेत्र, जमिनीचा प्रकार, पेरणीची पद्धत. पावती व लेबल कापणीपर्यंत जपून ठेवा.
> परवाना क्र. ……. दुकानाची खूण ……. वेळ सकाळी …… ते ……, दुपारी बंद …… ते ……. दूरध्वनी …… (उचलणाऱ्याचे नाव ……). आम्ही दुकानात नसल्यास सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटर, निःशुल्क: १८००-१८०-१५५१.

दोन वाण असतील, तर दोन स्वतंत्र फोटो आणि दोन स्वतंत्र मजकूर लिहावेत. एकाच मजकुरात दोन वाण आले की वाचणारा एकाचे दिवस आणि दुसऱ्याची जमीन अशी गल्लत करतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

९. मजकूर पाठवल्यानंतर

शिल्लक पिशव्यांचा आकडा रोज संध्याकाळी बदलावा आणि साठा संपला की पहिल्याच ओळीत ‘संपले’ असे लिहावे. जुना मजकूर गटांमधून जूनअखेरपर्यंत फिरत राहतो, म्हणून प्रत्येक मजकुरावर दिनांक हवाच.

प्रत्येक लॉटमधील अर्धा किलो बी लॉट क्रमांकाची चिठ्ठी घालून कोरड्या, हवाबंद डब्यात ठेवावे. पेरणीनंतर दहा दिवसांत ‘उगवलेच नाही’ असा फोन आला, तर त्या शेतकऱ्याकडे उरलेले बी आणि आपल्याकडील डब्यातील बी एकाच दिवशी, दोन गोणपाटांवर लावावे. डब्यातील बी उगवले आणि त्यांचे उगवले नाही, तर बियाणे त्यांच्या घरी कोठे ठेवले होते, कितीदा भिजले आणि वाफ्यात पाणी साचले होते का, हे शेतावर जाऊन पाहावे. दोन्ही उगवले नाही, तर तो लॉट विकत घेतलेल्या प्रत्येकाला पावतीपुस्तकातील नोंदीवरून त्याच दिवशी फोन करावा, म्हणजे दुसरा तरवा टाकायला त्यांच्या हाती अजून दिवस उरतात.